ऑफिसातल्या मैत्रिणीला "माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते मला सांगू नकोस" हे कसं सांगावं?

टेरीटॉवेल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. आधी बिलिंगला होते, दिवाळीनंतर मला एक्स्पोर्टच्या कागदांवर घेतलं, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एजंटकडे पेपर पाठवणं वगैरे. तेव्हापासून कुजबुज चालू आहे की हिनं साहेबांशी गोड बोलून टेबल मिळवलं. हे मला कळलं माझ्याच मैत्रिणीकडून. आम्ही दोघी जुळे सोलापूरच्या, एकाच गाडीवर जातो येतो, एक आठवडा माझी गाडी एक आठवडा तिची. मनानं खूप चांगली आहे हो, आईच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात थांबली होती. पण संध्याकाळी गाडी गेटबाहेर पडली की "तुला सांगणार नव्हते, पण..." जे सुरू होतं ते आसरा चौक येईपर्यंत. कोण जेवताना काय म्हणालं, कोण हसलं, कुणी डोळा मारला.

मला ते ऐकायचंच नाही. रात्री तेच डोक्यात फिरतं आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे साधी सही मागायला गेले तरी माझा चेहरा बदलतो. मैत्री तोडायची नाहीये. तिला लागणार नाही पण परत ती सांगणारही नाही, असं कसं बोलू? मी एक वाक्य तयार केलंय, "अगं मला वाटतं आपण ऑफिसच्या विषयांवर जरा कमी बोललो तर बरं, नाही का?" चालेल का?

बाळीवेस_बॉय
अवघड आहे ताई. आमच्याकडे तर "काय करालास बे" विचारायच्या आधी "ऐकलास का बे" विचारतात.

कडकभाकरी
असल्या लोकांना मैत्रीण म्हणूच नका. तुमच्याबद्दल ऑफिसभर पसरवते आणि वर तुमच्याच गाडीवर बसते? सरळ साहेबांच्या केबिनमध्ये दोघींनी जायचं आणि तिच्यासमोर विचारायचं, की हे तू बोललीस का नाही. माझ्या मेव्हणीच्या बाबतीत असंच झालं होतं, ती गप्प बसली आणि शेवटी तिलाच बदली घ्यावी लागली.

टेरीटॉवेल
नाही हो कडकभाकरी, ती पसरवत नाही. लोक जे बोलतात ते ती मला आणून सांगते. निदान मला तरी तेवढंच माहीत आहे.

कडकभाकरी
आणून सांगणारा नेऊनही सांगतो. बघा पटतंय का.

हुतात्मा_पासधारक
मी पुण्याला नोकरीला होतो तेव्हा एक रामबाण उपाय केला होता. काहीच रिॲक्शन द्यायची नाही. "हं", "असं का", एवढंच, आणि मोबाईलमध्ये बघायचं. समोरच्याला मजा येईना झाली की आपोआप बंद. बोलायची गरजच नाही, म्हणजे वाईटपणाही नाही.

निशिगंधा७
पासधारक, तुमचं निम्मं बरोबर आहे. मी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरला काढली, आता सोलापुरातच असते. बातमी आणणाऱ्याला हवी असते आपली प्रतिक्रिया हे खरं. पण जवळची मैत्रीण असेल तर नुसतं "हं हं" केल्यानं ती थांबत नाही, तिला वाटतं बातमीच हलकी होती म्हणून हिला काही वाटलं नाही. मग ती जरा जड बातमी आणते. आणि गाडीवर मागे बसून मोबाईल बघितला तर तो राग समजला जातो, नकार नाही. टेरीटॉवेलला नकार पोचवायचाय.

आता तुमच्या वाक्याबद्दल बोलते, राग मानू नका. ते वाक्य ऐकून तुमची मैत्रीण म्हणेल "हो गं, खरंच" आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू करेल, आणि त्यात तिची काही चूक नसेल. "ऑफिसचे विषय" म्हणजे काय, बोनसची तारीख पण ऑफिसचाच विषय झाला. "जरा कमी" म्हणजे रोजच्या ऐवजी एक दिवसाआड चालेल. आणि शेवटी "नाही का" म्हणून तुम्ही निर्णय तिच्याच हातात देताय. नेमकं जे नको आहे ते वाक्यात कुठेच नाही.

मी असं म्हणेन:
"एक सांगायचंय. माझ्याबद्दल ऑफिसात कोण काय बोलतं ते यापुढे मला सांगू नकोस. चांगलं असो नाहीतर वाईट, दोन्ही नको, मला त्याचा त्रास होतो. माझ्या कामात काही चुकलेलं तुला दिसलं तर मात्र तू स्वतः सांग, ते मला हवंय."

"चांगलं असो नाहीतर वाईट" हे ठेवाच. नाहीतर ती कौतुकानं सुरुवात करते, "अगं आज ते तुझं कौतुक करत होते, पण", आणि त्या "पण"च्या पुढे परत तेच. आणि शेवटचं कामाचं वाक्य अशासाठी, की तिला आपली किंमतच नाही असं वाटू नये. तुम्ही एक दार बंद करताय तर दुसरं उघडं आहे हे तिला तिथेच दिसू दे.

सुषमा_स
+१. पण हे व्हॉट्सॲपवर लिहिलं तर? समोर बोलायला मला तर घाम फुटेल.

निशिगंधा७
व्हॉट्सॲप अजिबात नको. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, वाचणारीच्या मूडप्रमाणे ते भांडण वाटू शकतं. आणि त्याचा स्क्रीनशॉट दुपारपर्यंत डबे उघडलेल्या टेबलावर पोचला की "हिला कळलंय बरं का" ही नवीन बातमी तयार.

मीनाक्का
मी जरा उलट्या बाजूनं बोलते. आमच्या ऑफिसात मी आहे तशी सांगणारी. आणि मी मजा म्हणून नाही सांगत. जिच्याबद्दल पाठीमागं बोलालेत तिला माहीतच नाही आणि ती त्याच लोकांना हसून डबा देते, हे मला बघवत नाही. उद्या तिला दुसरीकडून कळलं तर मलाच म्हणेल ना, तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस? आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, ऑफिसात मराठी, पण तिन्ही भाषेत मैत्रिणीपासून लपवणारी म्हणजे दगाबाजच. तुमची मैत्रीण दवाखान्यात रात्रभर बसली म्हणता, मग ती तुमच्यासाठीच करत असेल हे. बोला, पण चुगलखोर ठरवून बोलू नका.

टेरीटॉवेल
मीनाक्का, तुमचं वाचून बरं वाटलं. मलापण तसंच वाटतं तिच्याबद्दल. म्हणूनच तर जीभ उचलत नाही.

निशिगंधा७
अक्का, मोलाचं बोललात. टेरीटॉवेल, मग सुरुवातीला हे घाला: "तू माझ्या काळजीनंच सांगतेस हे मला माहीत आहे." एकदाच. आणि त्याच्यापुढे "पण" न लावता थांबा, मग नवीन वाक्यानं मूळ मुद्दा बोला. आणि अक्कांना जी भीती आहे ना, उद्या मलाच विचारेल ही, ती तुमच्या मैत्रिणीलाही असणार. ती काढून टाका: "नंतर मला दुसरीकडून कळलं तरी मी तुला विचारणार नाही, तू का सांगितलं नाहीस म्हणून." बऱ्याचदा सांगणारी नेमकी याच्यापायी सांगत असते.

बाळीवेस_बॉय
एवढं मोठं भाषण गाडीवर? सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्याच्या वर ऐकू येणार नाही. "माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते मला सांग" एवढंच ऐकू येईल, "नकोस" हॉर्नमध्ये गेला.

टेरीटॉवेल
😂😂 हे खरंय. गाडी चालवताना नको मग.

सुषमा_स
उलट मला वाटतं गाडीवर सोपं, तोंड दिसत नाही एकमेकींचं.

निशिगंधा७
तोंड दिसत नाही हाच तोटा. तिला लागलंय का हे तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही चिडून बोलत नाही आहात हे तिला कळणार नाही. गाडी लावून चहा घ्या कुठेतरी. आणि वेळ बघा. तिनं नुकतंच काहीतरी गरम गरम सांगायला घेतलंय आणि तुम्ही तेव्हाच हे बोललात, तर तो त्या बातमीवरचा राग वाटतो. असा दिवस निवडा ज्या दिवशी तिनं काही आणलं नाही. ती सुट्टीहून आली असेल तर उत्तम. बोलून झालं की लगेच दुसरा विषय, तिच्या घरचा, तिच्या पोराच्या शाळेचा. आणि मागाहून "सॉरी हं, तुला लागलं नाही ना" असं चारदा विचारू नका. एकदा सॉरी म्हटलं की आधीचं सगळं मिटवल्यासारखं होतं.

डिस्पॅच_दादा
मी पण चिंचोळीच्या एका युनिटला डिस्पॅचला आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. छोट्या ऑफिसात नोटीस बोर्ड नसतो, गावगप्पा हाच नोटीस बोर्ड. कोणाला काढणार, कोणाचा पगार अडकणार, कोणत्या शिफ्टला कात्री, हे सगळं चहाच्या टपरीवरच आधी कळतं. तुम्ही कान बंद केले तर सगळ्यात शेवटी तुम्हाला कळणार. आम्ही डिस्पॅचवाले तर डॉक्युमेंटवाल्यांना दिवसभर शिव्या घालत असतो, खरं सांगायचं तर. कार्टनचा आकडा पॅकिंग लिस्टला एक आणि इन्व्हॉइसला एक, गाडी गेटवर उभी. ते बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं तर तुमचाच फायदा ना?

टेरीटॉवेल
दादा, हे मात्र झालंय माझ्याबाबतीत. मागं तिनंच सांगितलं होतं की खाली डिस्पॅचमध्ये हसत होते, "मॅडमला अजून ग्रॉस वेट नेट वेट कळत नाही". ते हसणं डोक्यात बसलं आणि कागद बघायचं राहिलं. खरं तर मी तेव्हा लिस्ट उघडून बघायला हवी होती, कारण कार्टनचं वजन न धरता आकडा गेला होता आणि एजंटनं पेपर परत पाठवला.

निशिगंधा७
बघा, यातच उत्तर आहे. "ग्रॉस वेट चुकलंय" ही माहिती. "हसत होते" ही चुगली. दोन्ही एकत्र आलं की माणूस चुगलीच ऐकतो. तुम्ही तिला सांगा, कामाचं असेल तर कोण म्हणालं ते वगळून फक्त काम सांग. कागद कुठला, काय चुकलंय, बास.

डिस्पॅच_दादा
कामाचं ठीक आहे. पण माणसं काढणार ही बातमी नाव वगळून कशी सांगणार? तिथे तुमचा फॉर्म्युला चालत नाही.

निशिगंधा७
मान्य. ती किंमत मोजावी लागते.

जुनाफाईलवाला
नमस्कार. मी आस्थापना शाखेतून निवृत्त झालो. तक्रारींच्या फायली पुष्कळ हाताळल्या म्हणून एक बाब नमूद करतो, ती कोणीच बोललेलं नाही.

ताईंनी लिहिलंय की "साहेबांशी गोड बोलून टेबल मिळवलं" असं बोलतात. हे एवढ्यावरच असेल तर मत्सर समजून सोडून द्या. परंतु यात साहेबांचं आणि तुमचं नाव घाणेरड्या अर्थानं जोडलं जात असेल, इशारे, अश्लील विनोद, ग्रुपवर काही टाकणं, तर तो गप्पांचा विषय राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. समितीला योग्य कारण वाटलं तर ती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आता अडचण अशी, की हे सगळं तुम्ही स्वतः ऐकलेलं नाही, मैत्रिणीनं ऐकलंय. म्हणजे साक्षीदार ती. "मला काही सांगू नकोस" म्हणून तिचं तोंड कायमचं बंद केलंत तर उद्या गरज पडल्यावर तुमच्याकडे तारीखही नसेल आणि नावही नसेल. तेव्हा आधी ठरवा, हा प्रकार कुठल्या पायरीचा आहे. मगच मैत्रिणीशी बोला.

निशिगंधा७
काका, बरं झालं लिहिलंत. टेरीटॉवेल, आत्तापर्यंत जे कानावर आलंय त्यात तसं काही असेल तर घरी एका वहीत लिहून ठेवा, तारीख, कोण, शब्द काय होते, कोणासमोर. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको. आणि मैत्रिणीला सांगताना हा एक अपवाद ठेवा.

टेरीटॉवेल
तसं काही नाही काका. "साहेबांची लाडकी" इतपतच आहे. पण मुद्दा लक्षात ठेवते, वहीपण करते.

कडकभाकरी
एक ट्रिक सांगू? तिला एक खोटी गोष्ट सांगा, म्हणजे "मी नोकरी सोडतेय" वगैरे, आणि बघा दोन दिवसात ऑफिसभर होते का. झाली तर समजा तीच पसरवते. दूध का दूध.

सुषमा_स
अहो, आणि ती साहेबांपर्यंत गेली आणि त्यांनी खरंच दुसरी मुलगी बघायला घेतली तर?

बाळीवेस_बॉय
मग धाग्याचं नाव बदलायचं, "सोलापुरात नोकरी सुचवा".

निशिगंधा७
कडकभाकरी, पसरवते की नाही हे कळून त्यांना काय मिळणार? प्रश्न ऐकायचं नाही हा आहे. आणि खोटी बातमी पेरली की ती त्यांच्याच तोंडून निघालेली अफवा झाली. हां, एवढं मात्र खरं की तिच्याकडून ऐकताना तुम्ही जे बोलता, "ती स्वतः काय करते विचार तिला" वगैरे, ते परत जाऊ शकतं, मुद्दाम नाही तरी बोलण्याच्या ओघात. म्हणून ऐकलं तरी त्यावर मत देऊ नका. आणि "कोण म्हणालं?" हे कधीच विचारू नका. एकदा तो प्रश्न विचारलात की आधीचं सगळं बोलणं फुकट गेलं.

हुतात्मा_पासधारक
म्हणजे माझा रामबाण पूर्ण वाया नाही गेला. रिॲक्शन देऊ नका हेच मी म्हणत होतो.

मीनाक्का
हो हो, पासधारक, तुम्हाला निम्मे मार्क 😄

सुषमा_स
विषयांतर, गड्ड्याच्या यात्रेत गेलं का कोणी या वर्षी? शेवटी शेवटी गर्दी फारच होती, आम्ही पाळण्याला न बसताच परतलो.

बाळीवेस_बॉय
ताई गड्डा जानेवारीत उरकला, तुम्ही आत्ता उठालात का.

टेरीटॉवेल
मंडळी, अपडेट द्यायला आले. बोलले एकदाचं.

ती गावाकडच्या लग्नाहून परत आली त्या दिवशी ऑफिसातलं काहीच ताजं नव्हतं, तोच दिवस धरला. सात रस्त्याच्या अलीकडे गाडी लावली, चहा सांगितला. निशिगंधाताईंचं वाक्य पाठ केलं होतं तरी सुरुवात अडखळलीच. "तू काळजीनंच सांगतेस" म्हटल्यावर ती हसली, तिला वाटलं मी कसलं तरी कौतुक करतेय. मग म्हटलं, "माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते यापुढे मला सांगू नकोस. चांगलं असो नाहीतर वाईट." ती एकदम गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मी चुगलखोर आहे का?" मी म्हटलं, "नाही. मला त्रास होतो म्हणून नको." ती म्हणाली, "आणि उद्या कुणी तुझ्या मुळावर उठलं तर?" त्याला मी कामाचं आणि घाणेरड्या बोलण्याचं ते अपवाद सांगितलं, आणि नंतर कळलं तरी तुला विचारणार नाही हेही. चहाचे पैसे तिनं दिले, मला देऊ दिले नाहीत, आणि त्यातच मला कळलं की लागलंय.

पुढचे काही दिवस ती रिक्षानं गेली, म्हणाली भावाला गाडी हवीय. मी सॉरी म्हटलं नाही, पण एकदा फोन हातात घेऊन ठेवला, खरं सांगते. मग सोमवारी आली नेहमीसारखी. संध्याकाळी म्हणाली, "एक गोष्ट आहे, पण तू नको म्हणालीस ना." मला असं झालं होतं ना की काय आहे काय आहे! पण म्हटलं, "हो, नकोच," आणि तिच्या पोराच्या ॲडमिशनचं विचारलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण सांगितलं नाही.

आणि काल तिनं टेबलाशी येऊन सांगितलं, "तुझ्या त्या पॅकिंग लिस्टला नेट आणि ग्रॉस दोन्हीकडे एकच आकडा पडलाय, बघून घे." कोण म्हणालं नाही, कोण हसलं नाही. मी उघडून बघितलं, खरंच कॉपी झालेला होता. एजंटकडे जायच्या आत दुरुस्त केला.

डिस्पॅच_दादा
आमच्या बिरादरीकडून आभार.

निशिगंधा७
मस्त. ती अजून एकदोनदा करून बघेल. वाक्य सुरू झालं की नाव यायच्या आत हात वर करून "थांब, नको" एवढंच म्हणायचं. पूर्ण ऐकून मग "मी सांगितलं होतं ना" म्हणण्यात अर्थ नाही, कारण नाव एकदा कानात गेलं की गेलं. प्रत्येक वेळी कारण द्यायचं नाही, ते एकदा देऊन झालंय.

टेरीटॉवेल
पण ताई, आता एक नवीनच झालंय. माझ्याबद्दल सांगत नाही, तर बाकी सगळ्यांबद्दल सांगते. अकाउंट्सच्या मुलीचं लग्न मोडलं, सिक्युरिटीवाल्याचा पगार, काय वाटेल ते. आणि ते ऐकायला, खोटं कशाला बोलू, मजा येते. हेही थांबवायचं का?

जुनाफाईलवाला
थांबवावं. दुसऱ्याचं आवडीनं ऐकायचं आणि स्वतःचं नको, हे तिला दुटप्पी वाटणारच. शिवाय ती अकाउंट्सची मुलगीही कुणाच्या तरी गाडीवर बसून तुमच्याबद्दल ऐकत असेल.

मीनाक्का
छे हो काका. दोन मैत्रिणींनी घरी जाताना बोलायचं तरी काय मग, जीएसटीचे रेट? तिनं हिच्यासाठी एवढं ऐकलं, आता सगळंच बंद केलं तर ती खरंच रिक्षानं जाईल.

निशिगंधा७
मी काकांच्या बाजूची, पण आत्ता लगेच नाही. पहिलं नीट बसू दे, दुसरं नंतर. लग्न मोडल्याचं मात्र पुढे कुणाला सांगू नका.

मीनाक्का
ते तर मीही सांगत नाही.

बाळीवेस_बॉय
सिक्युरिटीवाल्याला पगार किती आहे पण?